नारळ, नग एक

सरकारी नोकरीत एकतीस वर्षे घालवलेल्या मनुष्याविषयी समाजात जे अनेक गैरसमज प्रचलित असतात, त्यांतला त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणजे, त्याला लिलाव पुकारता येतो हा होय. आमच्या गावच्या वाचनालयाच्या कौलारू छपराचे वासे वाळवीने पोखरले, आणि कादंबऱ्यांच्या कपाटांवर घमेली मांडून दोन पावसाळे कसेबसे निभावल्यावर दुरुस्तीसाठी निधी उभारण्याचा विषय कार्यकारी मंडळापुढे आला. देणगीपुस्तक घेऊन दारोदार हिंडण्याचा कंटाळा सर्वांनाच सारखा असल्यामुळे, गावकऱ्यांनी आपापल्या घरातली एकेक वस्तू द्यावी, तिचा जाहीर लिलाव व्हावा आणि येईल ते उत्पन्न छपरावर चढवावे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. पुकारा कोणी करायचा, या प्रश्नावर सभेत क्षणभर शांतता पसरली आणि मग सर्वांच्या माना एकाच दिशेला वळल्या. मी तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, ही गोष्ट विसरण्याचा मी स्वतः कितीही यत्न केला, तरी गावात ती दुसरे कोणी विसरायला तयार नाही.

लिलाव मी पाहिले होते हे खरे. हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून उचलला. घाटावर त्यालाच हर्रास म्हणतात, तो अरबी-फारसीच्या वाटेने आला. आणि गोव्याकडच्या देवळांत देवापुढच्या फळफळावळीची जी पावणी होते, तिला तर भक्तीचेही अधिष्ठान असते. पण माझा अनुभव होता तो चिंचेच्या झाडांचा, गवताच्या कुरणांचा आणि जप्तीतल्या बैलगाड्यांचा. त्या लिलावात पुकारणाऱ्याला वाणी झिजवावी लागत नाही. त्याने शर्ती वाचाव्या, “सरकारी बोली एक वार, सरकारी बोली दोन वार” असे आढ्याकडे पाहून म्हणावे, आणि कोणी घ्यायचे व कितीला घ्यायचे हे आदल्या रात्रीच चहाच्या दुकानात ठरवून आलेली समोरची मंडळी आपला नाट्यप्रवेश आटोपीपर्यंत धीर धरावा. जमीनजुमल्याचा मामला असेल तर बोलीची चौथाई रक्कम जागच्या जागी भरून घ्यावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक फरारी होत नाही. तेथे प्रत्येकजण कमी पैसे देण्यासाठी आलेला असतो. वाचनालयाच्या लिलावात मात्र माणूस जादा पैसे देण्याची तयारी करूनच घरून निघतो; फक्त ते आपल्याकडून कोणी जरा रीतीने काढून घ्यावेत, एवढीच त्याची अपेक्षा असते. ही रीत कोणती, याचा मला गंध नव्हता.

तेव्हा कारकुनाला जे एकमेव शस्त्र ठाऊक असते, तेच मी उपसले. मी मसुदा लिहिला. फुलस्केपची अकरा पाने. त्यात तांब्याच्या एका बंबाचे वर्णन दीड पानाचे होते. त्यात ताम्रयुगापासून प्रारंभ करून, कार्तिकस्नानाचे माहात्म्य, धुराचा सुगंध आणि लोपत चाललेली संस्कृती इतक्या मुक्कामांवरून मी वाचकाला त्या बंबापर्यंत आणले होते. तो भाग मी मोठ्या आवाजात घरात वाचून दाखवला. तांदूळ निवडता निवडता सौभाग्यवतींनी मान वर केली आणि विचारले, “अहो, बंब विकायचाय ना? मग त्याचं चरित्र कशाला लिहिलंत?”

माझे एक आतेभाऊ कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे अडत्ये आहेत. मी सकाळच्या गाडीने घाट चढून त्यांच्याकडे गेलो आणि एक अख्खा दिवस सौदे पाहत उभा राहिलो. गुळाच्या रव्यांची थप्पी असते. तिच्यातला एक रवा फोडून आतला रंग उघडा केलेला असतो. खरेदीदार बोटाने कण उचलून जिभेवर ठेवतात. पुकारणारा एका श्वासात दर चढवत जातो आणि थप्पीमागून थप्पी हलत राहते. पूर्वी कित्येक बाजारांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत होती. तिच्यात शेजाऱ्याला भाव कळू नये अशी योजना असे. येथे सगळे तोंडावर. सौदे संपल्यावर मी माझा मसुदा आतेभावांपुढे ठेवला. त्यांनी पहिले पान वाचले, उरलेली दहा हातात तोलून पाहिली आणि म्हणाले, “दादा, गुळाची स्तुती कोन करतंय हितं? रवा फोडून दावायचा. घेनाऱ्याला जीभ हाय.” मी म्हणालो, पण काहीतरी बोलायला तर हवे ना? “दर सांगितला की तोंड गप्प ठिवायचं. तुमी बोलत ऱ्हायला की गिऱ्हाईक ऐकत बसतंय, बोली लावत न्हाई. आनि सुरवात खालनं करायची. दोघं घावले की तिसऱ्याकडं बघायचं न्हाई. त्यातला एक बसला, की मग तिसरा हुडकायचा.”

परतीच्या गाडीत मी मसुदा नव्याने लिहिला. प्रत्येक वस्तूला चारच वाक्ये: वस्तू काय, तिच्यात खोट काय, अटी काय, आणि बोली कोठून सुरू. अकरा पानांची अडीच झाली.

दुसरी अडचण वस्तूंच्या संख्येची होती. देणाऱ्याचे मन मोडू नये या सद्भावनेने कार्यवाहांनी एकतीस वस्तू स्वीकारल्या होत्या, ज्यांत भिंतीवरची बंद पडलेली सहा घड्याळे होती आणि ती सहाही वेगवेगळी वेळ दाखवत होती. एका वस्तूला दोन-तीन मिनिटे लागतात. एकतीस वस्तू म्हणजे सव्वा तास. आणि अर्ध्या तासानंतर सभेतला मनुष्य बोलीकडे नव्हे तर चहाच्या किटलीकडे पाहू लागतो, हा ग्रामसभांचा माझा अनुभव. म्हणून आम्ही नऊ वस्तू पुकाऱ्यासाठी निवडल्या आणि बाकीच्या ओसरीवर टेबलांवर मांडून प्रत्येकीसमोर एक कोरा कागद ठेवला, की ज्याला हवी त्याने आपले नाव व रक्कम लिहावी, पुढच्याने त्याखाली जास्त लिहावी, आणि दिवेलागणीला कागद उचलावे. घड्याळे तेथेच गेली.

नवांचा क्रम लावण्यातही थोडे राजकारण असते. सर्वांत चांगली वस्तू आरंभी काढू नये, कारण तेव्हा निम्मे लोक चपला काढत असतात. शेवटीही काढू नये, कारण तेव्हा निम्मे चपला घालत असतात. तिचे स्थान मध्याच्या जरा पुढे.

कार्यक्रमाच्या दिवशी वाचनालयाच्या सभागृहात सव्वाशेक माणसे जमली. हातोडा गावात कोणाकडेच नव्हता, म्हणजे सुताराकडे होता, पण तो वाचनालयाच्या टेबलाला झेपला नसता. तेव्हा पुस्तकांवर परतीची तारीख उमटवण्याचा लाकडी मुठीचा शिक्का मी हाती घेतला आणि मसुद्याचे पहिले पान वाचले:

“बंधुभगिनींनो, या वाचनालयाने आजवर आपल्याकडून जो दंड वसूल केला नाही, तो वसूल करण्याचा हा दिवस आहे. दारात आपल्याला क्रमांकाचा पुठ्ठा मिळाला आहे. तो वर केला की बोली झाली. डोके खाजवणे, माशी हाकलणे आणि व्याह्यांना हात करणे ही कामे पुठ्ठा मांडीवर ठेवून करावीत. मी तीन वार पुकारून हा शिक्का टेबलावर मारला की सौदा पुरा झाला. तोपर्यंत ज्याला आपली बोली मागे घ्यायची असेल त्याने खुशाल घ्यावी. शिक्का पडल्यावर मात्र ब्रह्मदेवाचाही इलाज नाही. वस्तू आहे त्या स्थितीत मिळेल. तिची जी खोट आम्हांला ठाऊक आहे ती मी सांगेन. जी ठाऊक नाही ती आपले नशीब. पैसे त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी भरावे, पावती घ्यावी आणि मगच वस्तूला हात लावावा.”

यात ब्रह्मदेवाखेरीज माझ्या पदरचे फारसे काही नाही. १९३०च्या मालविक्री कायद्याचे ६४वे कलम हेच सांगते: पुकारणाऱ्याने हातोडा पाडून किंवा रूढ रीतीने विक्री पुरी झाल्याचे जाहीर करीपर्यंत बोली परत घेता येते, आणि प्रत्येक नग हा स्वतंत्र करार समजायचा असतो. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी मला आदल्या दिवशीच कार्यवाहांना वाचून दाखवावी लागली, कारण त्यांचा आग्रह होता की, “आपली दोन माणसं गर्दीत पेरून ठेवू, ती भाव चढवतील, मग खरा गिऱ्हाईक तापला की गप्प बसतील.” विकणाऱ्याने खोटी बोली लावून किंमत फुगवली, तर घेणाऱ्याला तो सौदा रद्द करता येतो. विकणाऱ्याला स्वतःला बोलायचे असेल तर तो हक्क आधी उघडपणे जाहीर करून राखून ठेवावा लागतो. “मग कायदा माहीत नसलेली दोन माणसं पेरू,” असे कार्यवाह म्हणाले, आणि विषय तेथेच संपला.

आता माझी चूक सांगतो, कारण ती पहिल्याच वस्तूला झाली.

“पहिला नग: तांब्याचा बंब. पाणी दोन बादल्या. तोटी ठिबकते, जाळी नवी बसवावी लागेल. बोलीला सुरुवात...” येथे मसुद्यात १,००० लिहिले होते. पण आदल्या रात्री मी बंबाचे वजन करून पाहिले होते, ते नऊ किलो भरले, आणि तांब्याचा भाव डोक्यात घोळत असल्यामुळे हजार हा आकडा मला बंबाचा अपमान वाटू लागला. तोंडून गेले, “पाच हजार!”

सभागृहात इतकी शांतता पसरली, की आढ्यात वाळवीचे चाललेले काम ऐकू यावे. मी म्हणालो, चार हजार. मग म्हणालो, तीन. मग काही न बोलता नुसताच हसलो, आणि दोन म्हणालो. पुकारणारा आपणहून खाली उतरू लागला, की गप्प बसण्यात फायदा आहे हे पोरासोरांनाही कळते. त्यामुळे जो कोणी दोन हजारांना घेणार होता, तोही आता पुढच्या पायरीची वाट पाहू लागला. हजारावर पहिला पुठ्ठा उठला. तेथून बोली २,६००पर्यंत जाऊन बसली, आणि मी शिक्का मारला तेव्हा ध्यानात आले की घेणारे गृहस्थ मोडीचे व्यापारी आहेत. त्यांनी बंब काट्यावर न ठेवता नुसत्या नजरेने तोलला होता. मोडीच्या भावापेक्षाही स्वस्तात तो गेला. ज्याखाली माल सोडायचा नाही अशी राखीव किंमत आधी जाहीर केली असती, तर मला तो मागे घेता आला असता. ती मी केली नव्हती, आणि मसुद्यातला आकडा सोडून दिला होता. पहिल्या रांगेतून सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टीत ताम्रयुगापासूनचा सगळा इतिहास होता.

छत्री, आरामखुर्ची आणि पाच डझन देवगड हापूस हे नग मसुद्याबरहुकूम सुरळीत गेले. आरामखुर्चीची खोट सांगताना मी “हिच्यात बसून वाचायला घेतलेले एकही पुस्तक आजवर पुरे झालेले नाही” असे म्हणालो, तेव्हा वाचनालयाच्याच एका विश्वस्तांनी तडक पुठ्ठा वर केला. पण हार्मोनियमच्या वेळी मला आतेभावांचे सगळे शास्त्र समोर उभे राहिलेले दिसले.

“पाचवा नग: हार्मोनियम. भाता शाबूत, पडदे हलके, पेटी सागवानी. खोट अशी की, मधल्या सप्तकातली काळी चार बोलत नाही. पांढरी एकमध्ये गाणाऱ्याला त्यामुळे कोमल धैवत मिळणार नाही. त्याने भैरव टाळून भूप गावा. काळी एकमध्ये गाणाऱ्याला पंचम मिळणार नाही. त्याने मालकंस गावा. ज्यांची पट्टीच काळी चार, त्यांना षड्जच मिळणार नाही. त्यांनी बोली लावू नये. सुरुवात पाचशेपासून.”

ही खोट सांगू नये, असे पेटी देणाऱ्या गृहस्थांचे मत होते. ते दुसऱ्या रांगेत बसून जिभेने च्‌च्‌ करत होते. पण खोट उघड सांगितल्याबरोबर सभेत दोन प्रकारची हालचाल झाली: ज्यांना पेटीतले काही कळत नव्हते त्यांनी पुठ्ठे मांडीवर ठेवले, आणि ज्यांना कळत होते ते खुर्चीच्या कडेवर सरकले. माल लपवला तर सगळेच घाबरतात. एक खोट मोजून दाखवली, तर जाणत्याला उरलेल्या मालाचा भरवसा येतो. मागून एका मुलाने विचारले, “काका, बाकीचे सगळे सूर बोलतात?” मी म्हणालो, “बोलतात. काही जरा जास्तच.” पहिल्या हजारापर्यंत शंभराशंभराने, तीन हजारांपर्यंत अडीचशेने आणि पुढे पाचशेने, अशी पायरी मी कागदावर आखून ठेवली होती, कारण पायरी किमतीच्या दशांशाच्या आसपास असली म्हणजे चढणाऱ्याला दम लागत नाही आणि थांबणाऱ्याला लाजही वाटत नाही. दोन हजारांनंतर दोघेच उरले: भजनी मंडळातले निवृत्त बँक अधिकारी आणि शाळेतल्या संगीताच्या बाई. मी तिसऱ्याकडे पाहणे सोडून दिले. बँकवाले ५,५००वर गेले आणि बाई थांबल्या.

“साडेपाच हजार एक वार.” बाई पेटीकडे पाहत होत्या. “साडेपाच हजार दोन वार.” येथे माझ्या जिभेवर कितीतरी वाक्ये येऊन उभी राहिली: कलेची सेवा, विद्यार्थ्यांचे भवितव्य, छपराची दुर्दशा. मी ती सगळी गिळली आणि शिक्का हवेत धरून उभा राहिलो. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी इतका वेळ काहीही न करता पगाराशिवाय कधी उभा राहिलो नव्हतो. बाईंचा पुठ्ठा वर आला. सहा हजार. बँकवाल्यांनी मान हलवली, मी तीन वार म्हणालो आणि शिक्का पडला.

बाई टेबलाशी आल्या, पैसे भरले, पावती घेतली, पेटी उघडली, वाचनालयाची एक जुनी चिठ्ठी मागून घेतली आणि तिची घडी त्या मुक्या सुराच्या पितळी पट्टीखालून हलकेच सरकवली. पट्टीखालून एक पातळ पंख बाहेर आला, वाळवीचाच होता. भाता दाबल्याबरोबर काळी चार खणखणीत बोलली. “बहुतेकदा कचराच अडकलेला असतो,” बाई मला म्हणाल्या. “पट्टी तुटली असती तर बाकीच्या सुरांशी जुळेल अशी नवी मिळवायला यातायात पडते. ते एक जोखीम होतं.” दुसऱ्या रांगेतले दाते गृहस्थ यानंतर बराच वेळ आढ्याकडे पाहत होते. बारा वर्षे त्यांच्या घरी भैरव झाला नव्हता.

सहाव्या नगाला खरी गर्दी होती. गावात ज्यांच्या पुरणपोळीविषयी दुमत नाही अशा एका काकूंनी जेवण देऊ केले होते. देणगीपत्रात नुसते “पुरणपोळीचे जेवण” एवढेच लिहिलेले होते, आणि तसेच पुकारले असते तर माझ्या मते गावात दोन तरी भाऊबंदक्या उत्पन्न झाल्या असत्या. म्हणून मी आधीच काकूंच्या ओसरीवर बसून कलमवार खुलासा करून घेतला होता.

“सहावा नग: पुरणपोळीचे जेवण. माणसे आठ, नववे माणूस पाहुणे असले तरी नववेच समजले जाईल. सोबत कटाची आमटी, वरणभात, बटाट्याची भाजी आणि भजी. घरी काकूंच्याच, दुपारी बारा ते अडीच. मुदत होळीपर्यंत, खुद्द होळीला नाही, त्या दिवशी काकूंचे स्वतःचे जावई आहेत. डबा बांधून मिळणार नाही. तुपाची धार काकू स्वतः थांबवतील, कोणी आधी पुरे म्हणू नये. खोट काही नाही. म्हणजे आम्ही विचारण्याचे धाडस केलेले नाही. सुरुवात एक हजारापासून.”

तीन हजारांवर डॉक्टर गळाले. त्यानंतर पुढच्या रांगेतला एक पुठ्ठा आणि अगदी मागे, बायकांच्या घोळक्यातला एक पुठ्ठा, अशी जुगलबंदी चालू झाली. साडेतीन, चार, साडेचार. मी आतेभावांच्या आज्ञेनुसार दोघांखेरीज कोणाकडे पाहत नव्हतो, पण पाहत होतो ते पुठ्ठ्यांकडे. पुठ्ठ्यांखालच्या चेहऱ्यांकडे नव्हे. मागून ५,५००चा पुठ्ठा उठला तेव्हा खालचा चेहरा प्रथमच दिसला आणि शिक्का माझ्या हातात थबकला. पुढे बसले होते ते निवृत्त मुख्याध्यापक. मागे होत्या त्या त्यांच्या पत्नी.

सरकारी अधिकाऱ्याने अशा वेळी काहीच न पाहिल्याचे भासवावे, असा संकेत आहे. पण मी आरंभीच नियम वाचले होते. मी म्हणालो, “गुरुजी, जरा मागे वळून पाहता का?” गुरुजी वळले. बाईंनी पुठ्ठ्यानेच कपाळाला हात लावला. “अहो, हात खाली घ्या! मीच आहे!” सभागृह हास्यकल्लोळात बुडाले, पण माझ्यापुढे हिशेबाचा प्रश्न होता. डॉक्टर ज्या तीन हजारांवर थांबले होते, त्यांपुढची सगळी चढण एकाच घरातली होती. म्हणजे एका पुरणपोळीसाठी एक कुटुंब स्वतःशीच अडीच हजारांचे भांडले होते. शिक्का अजून पडला नव्हता, तेव्हा मी जाहीर केले की दोघांनीही बोली मागे घ्यावी, मी साडेतीन हजारांपासून पुन्हा पुकारतो. गुरुजींनी मान डोलावली. बाई मात्र उभ्या राहिल्या. “सव्वाशे माणसांसमोर साडेपाच म्हटलं, ते म्हटलं. मारा शिक्का. यांचे पाच हजार मात्र धरू नका हो.” गुरुजी अर्थातच आठांत होते. पुढे जेवायला गेले तेव्हा, तुपाची धार काकूंनी नव्हे, बाईंनी थांबवली असे ऐकतो.

मग एक जुने मानपत्र होते, चंदेरी चौकटीतले, गावच्या एका दिवंगत वकिलांना मिळालेले, आणि त्यांच्या नातवाने दिलेले. मानपत्र विकायला काढल्याबद्दल काही मंडळींच्या भुवया वर गेल्या, म्हणून मी मसुद्यात नसलेले एक वाक्य बोललो: १९३३-३४च्या हरिजन दौऱ्यात महात्माजींना ठिकठिकाणी जी मानपत्रे मिळत, त्यांचा ते निधीसाठी जागच्या जागी लिलाव पुकारत, आणि सही हवी असेल तिचे पाच रुपये वेगळे घेत. भुवया खाली आल्या. मजकूर घेणाऱ्याला नको होता, चौकट हवी होती. वकिलांचे गुणवर्णन नातू घरी घेऊन गेला. एका शिलाई यंत्राने मग नगांचा आठवा आकडा पुरा केला. त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही, ते चांगले चालत होते.

शेवटी नारळ. देवापुढचा नारळ पुकारायचा ही कोकणात जुनी वहिवाट आहे, आणि कार्यक्रमाच्या आरंभी सरस्वतीच्या तसबिरीपुढे ठेवलेलाच आम्ही घेतला. “नववा नग: नारळ एक. शेंडी शाबूत. हलवल्यास पाणी वाजते. सुरुवात एकशे एकपासून.” तो मोडीवाल्यांनी १,१००ला घेतला, पैसे भरले, पावती घेतली, नारळ कपाळाला लावला आणि परत माझ्या टेबलावर आणून ठेवला. “पुन्हा पुकारा,” ते म्हणाले. बहुधा बंब त्यांना टोचत असावा. नारळ परत द्यावा, असे पुकारणाऱ्याने कधीही सुचवू नये. सुचवले की ती वर्गणी होते आणि पुठ्ठे मांडीवर जातात. पहिल्या माणसाला ते आपोआप सुचले, की पुढच्यांना राहवत नाही. दुसऱ्यांदा तो १,५००ला गेला, तिसऱ्यांदा २,१००ला डॉक्टरांकडे, चौथ्यांदा २,५००ला बँकवाल्यांकडे, आणि पाचव्यांदा ३,००१ला एका मुंबईकर चाकरमान्याकडे, ज्याला साडेनऊची गाडी गाठायची होती म्हणूनच केवळ तो लिलाव थांबला.

कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेले आमचे हिशेबनीस मात्र घामाघूम झाले होते. प्रत्येक विक्री हा स्वतंत्र करार, प्रत्येकाची स्वतंत्र पावती, त्यामुळे वहीत पाच ओळी उमटल्या होत्या: नारळ, नग एक, नारळ, नग एक, नारळ, नग एक... शेवटी बेरीज १०,२०१ रुपये. मालाच्या फेरिस्तीत मात्र नारळ एकच. “लेखापरीक्षक विचारतील, बाकीचे चार कुठं गेले?” असे ते काकुळतीने म्हणाले. मी त्यांना प्रत्येक ओळीपुढे “खरेदीदाराने स्वेच्छेने संस्थेस परत” असा शेरा मारायला सांगितला. तोच शेरा पाचव्या ओळीपुढेही लागला, कारण चाकरमान्याने जाता जाता नारळ आमच्या शिपाईमामांच्या हातात ठेवला. “मामा, तुम्ही न्या. छपराखाली सगळ्यांत जास्त भिजलात तुम्हीच.” शिपाईमामा हे संस्थेचे नोकर, त्यांना दिलेली वस्तू संस्थेस परत गेली काय, हा बारीक मुद्दा मी मुद्दामच उपस्थित केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचनालयात रोख रकमेची रुजुवात घेत बसलो असताना शिपाईमामा आले आणि टेबलासमोर उभे राहिले. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन कवड्या होत्या. त्यांनी पुडी उघडली, तसा तो वास खोलीभर पसरला. आत खोबरे पिवळे पडून बुळबुळीत झाले होते. आदल्या दिवशी मी बंबाची तोटी सांगितली होती, पेटीची काळी चार सांगितली होती, खुर्चीतली झोपदेखील सांगितली होती. याचे मात्र नुसते पाणी वाजवून दाखवले होते.

“साहेब,” मामा अत्यंत अदबीने म्हणाले, “तीन वार झाले, म्हंजे आता परत घेता येत नाही ना?”